अडुसष्ट नंबरचा बॉक्स

सौंदर्याला एकोणीसपर्यंत काही अडचण नव्हती. वीसही ठीक. पुढं मात्र मराठी माणसानं आकड्यांचं काय करून ठेवलंय ते त्याचं त्यालाच ठाऊक, असं तिचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काय होतं? आपण जन्मापासून बोलतो म्हणून आपल्याला ते दिसत नाही, एवढंच.

ती कानडी मुलखातली, अथणीकडची. लग्न होऊन शिरोलीला आली त्याला आठ वर्षं झाली होती. मराठी तिला येत होती. भाजीवालीशी भांडण्याइतकी तर नक्कीच येत होती. पण घरात नवरा मल्लेश कानडी बोलायचा, लेक शांभवीशीही कानडीच, आणि आकड्यांचा सगळा व्यवहार मल्लेशच बघायचा. एखादा आकडा सांगायची वेळ आलीच तर ती ‘वीस आणि चार’ म्हणायची आणि समोरचा हसून समजून घ्यायचा. आठ वर्षं असंच निभावलं.

श्रावणात मल्लेश गेला. पहिल्या पाळीला सायकलवरून निघाला होता, हायवेवर मागून ट्रकनं उडवलं. सौंदर्याला बातमी सांगितली तेव्हा ती पीठ मळत होती. तिनं पीठ मळून पुरं केलं, वर ताट झाकलं आणि मग उठली. बायका म्हणाल्या, रडू दे हिला, रडवा हिला. कुणी पाठीवर थापा मारल्या, कुणी मल्लेशचा शर्ट आणून मांडीवर ठेवला. ती रडली नाही. मुद्दाम रोखून धरलं होतं असंही नाही. आत काही नव्हतंच. पाय मुडपून बसल्यावर मुंग्या येऊन तो आपला नसल्यासारखा वाटतो, तशी ती सगळीच झाली होती. चार महिने झाले तरी तशीच. खायची, झोपायची, पोरीची वेणी घालायची, कुणी विचारलं तर उत्तर द्यायची.

मल्लेश ज्या फौंड्रीत साचे भरायचा, तिथल्या मालकांनी तिला एक महिना कामावर घेतलं. ‘जमलं तर कायम करू, नाहीतर बघू,’ असं मॅनेजर अमरसिंह म्हणाला. तो तिशीतला, शिकलेला, आणि कामात कडक. ‘बघू’ म्हणजे काय ते सौंदर्याला कळलं होतं. तिचा भाऊ सिद्धाप्पा महिनाअखेरीला येणार होता. नोकरी टिकली तर ती पोरीला घेऊन शिरोलीच्या खोलीतच राहणार. टिकली नाही तर सामान बांधून अथणीला, भावाच्या घरात, भावजयीच्या चुलीपुढं. भाऊ वाईट नव्हता. भावजयही तशी वाईट नव्हती. पण पोरगी इथं दुसरीत होती, आणि सौंदर्याला दुसऱ्याच्या चुलीपुढं उरलेला जन्म काढायचा नव्हता. तेवढं एक तिला त्या बधिरपणातही स्पष्ट ठाऊक होतं.

काम काय, तर ओरडायचं. ऐकायला सोपं वाटतं. फौंड्रीत जमिनीवर लोखंडी बॉक्स ओळीनं मांडलेले, प्रत्येकात वाळू ठोकून भरलेला साचा. प्रत्येक बॉक्सच्या अंगावर त्याचा नंबर ओतूनच काढलेला, एकपासून शहाण्णवपर्यंत. आकाराम मिस्त्री हातात घड्याळासारखं एक यंत्र घेऊन ओळीतनं फिरायचा आणि ते साच्याच्या वाळूवर दाबून बघायचा. वाळू घट्ट असली तर पुढं. मऊ लागली तर म्हणायचा, ‘ह्यो सोडा.’ मऊ साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतला तर वाळू दम धरत नाही. बहुतेक वेळा माल फुगून वाया जातो, पण एखाद्या वेळी साच्याची कड फुटते आणि पांढराफटक रस ओतणाऱ्याच्या पायावर येतो. आणि भट्टी फुटायच्या, म्हणजे तिचं तोंड उघडून रस काढायच्या वेळेला बॉक्स हलवत बसायला सवड नसते. तो जागेवर सोडायचा आणि मागनं फोडायचा. म्हणून आकारामच्या मागं एक बाई चालायची. सोडायच्या बॉक्सचा नंबर ती मोठ्यानं ओरडायची. शंभर फुटांवर भट्टीजवळ अंबूबाई खडू घेऊन उभी असायची. ती तोच आकडा परत ओरडून फळ्यावर लिहायची. ओतणारे फळा बघून निघायचे. खडूनं बॉक्सवरच फुली मारायची पद्धत पूर्वी होती, पण वाळू उडाली की फुली पुसायची, म्हणून ती बंद झाली. हे ओरडणं वीस वर्षं चाललं होतं आणि कधी कुणाला त्यात अवघड काही दिसलं नव्हतं. दिसणार कसं? सगळे ओरडणारे मराठी.

पहिल्याच दिवशी बावन्नला तिनं हाक घातली, ‘पन्नास दोन!’

अंबूबाई तिकडनं ओरडली, ‘पन्नास, आणि दोन? दोन्ही सोडायचं?’

झालं, फौंड्री हसली. सौंदर्या हसली नाही आणि तिला लाजही वाटली नाही. तिनं पुन्हा बॉक्सकडं बघितलं. तिथं पाच होता आणि त्याच्यापुढं दोन. ऐवत्तेरडु. पन्नास-दोन. ह्यात चुकलं काय?

जेवणाच्या सुट्टीत अंबूबाई तिच्याशेजारी डबा घेऊन बसली. पन्नाशीची बाई, जिभेनं तिखट, मनानं मऊ. ‘अगं, बावन्न म्हणायचं, बावन्न. तुला बावीस म्हायती हाय न्हवं?’

‘हो.’

‘मग बावीस तसं बावन्न.’

‘मग बत्तीसला बातीस का नाही?’

अंबूबाईनं घास तोंडाजवळ नेला आणि तसाच धरला. ‘बत्तीस हाय ते. बत्तीसच असतंय.’

‘आणि चाळीस आणि दोन?’

‘बेचाळीस.’

‘साठ आणि दोन?’

‘बासष्ट. सत्तर आणि दोन म्हंजी बहात्तर. मग ब्याऐंशी. मग ब्याण्णव.’ अंबूबाईनं स्वतःचंच ऐकलं. मग म्हणाली, ‘आयला, दोन एकच की गं. किती सोंगं घेतंय.’

सौंदर्यानं भाकरीचा तुकडा मोडला. कानडीत असं नाही, हे ती बोलली नाही. कानडीत ऐवत्तु म्हटलं की पन्नास जागेवर बसला, मग त्याच्या मागं ओंदु, एरडु, मूरु काय हवं ते जोडत जायचं. इथं पन्नासला पन्नास म्हणायचं, पण एक्कावन्नपासनं तो वन्न होतो, मधेच त्रेपन्नला पन्न होतो आणि पंचावन्नला पुन्हा वन्न. साठ आहे म्हणावं तर त्याचा सष्ट होतो. सत्तरचा हत्तर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही आकडे उलटे. डोळ्याला आधी दशक दिसतं, तोंडानं आधी एकक बोलायचं.

हे तिला शांभवीनं सांगितलं. पोरगी सात वर्षांची, शाळेत मराठी, दुसरीचं पुस्तक घेऊन आईला शिकवायला बसायची. ‘अव्वा, आधी मागचा बोलायचा. मग पुढचा. पस्तीसमध्ये पाच आधी. आमच्या वर्गात पण पोरं चुकतात. बाई पस्तीस म्हणाल्या की पाच आधी लिहितात आणि मग तीन. मग त्रेपन्न होतात. बाई छड्या मारतात.’

‘तू चुकतेस?’

‘आधी चुकायची. आता मी ऐकून थांबते. सगळं ऐकते मग लिहिते.’

नवाची गोष्ट तर आणखीच वेगळी. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, पण बॉक्सवर साठातलं काहीच दिसत नाही. पाच दिसतो आणि नऊ दिसतो. सौंदर्या सुरुवातीला नवपन्नास म्हणाली. मग शांभवीनं एकोण शिकवलं तेव्हा तिनं ते धरून ठेवलं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, एकोणशंभर.

‘एकोणशंभर नसतंय अव्वा. नव्व्याण्णव.’

‘का?’

पोरगी विचारात पडली. ‘तसंच असतंय,’ ती म्हणाली. आणि आईनं मान हलवली, कारण तिला वाद घालायचा नव्हता आणि फौंड्रीत बॉक्स शहाण्णवच होते.

तीन आठवडे गेले. ती शिकली, पण पाठ करून शिकली. समजून शिकायला त्यात समजण्यासारखं काही नव्हतंच. प्रत्येक आकडा हा वेगळा शब्द, ऐंशी वेगळे शब्द, ऐंशी माणसांची नावं पाठ करावीत तसे. घरी पोरीपुढं बरोबर यायचे. इकडं भट्टी घोंघावायला लागली, आकाराम ‘ह्यो सोडा’ म्हणाला आणि डोळ्यासमोर दोन अंक आले की जुनी वाट धरायचे. दुसऱ्या आठवड्यात चोवीस सोडायचा तर ती बेचाळीस ओरडली. समोर दोन आणि चार होते, दोनाचा बे झाला आणि चाराचा चाळीस. त्या दिवशी नशीब, आकारामच्या लक्षात आलं. तो म्हातारा माणूस, ओरडला नाही. म्हणाला, ‘पोरी, दमानं. पण चुकू नगंस. हितं चुकलं की कुणाचा तरी पाय जातोय.’

हे अमरसिंहच्या कानावर गेलं. त्यानं तिला बोलावून सांगितलं, ‘हा शेवटचा आठवडा. एकही चूक नको. मला वाईट वाटतं, पण ही जागा तशी नाही.’

‘हो साहेब,’ सौंदर्या म्हणाली. त्याला वाईट वाटतं की नाही ह्याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळपासून सगळं नीट चाललं होतं. तिनं चौतीस बरोबर सांगितला, एकोणपन्नास बरोबर सांगितला. अंबूबाईनं लांबूनच अंगठा दाखवला. तिसऱ्या ओळीत आकारामनं यंत्र दाबलं, काटा बघितला आणि म्हणाला, ‘मऊ हाय. ह्यो सोडा.’

बॉक्सवर सहा आणि आठ. अरवत्तेंटु. साठ-आठ.

‘शहाऐंशी!’ सौंदर्या ओरडली.

‘शहाऐंशी!’ तिकडनं अंबूबाई.

आकारामनं मागं बघितलं नाही. तिचं चाललंय नीट, असं त्याला वाटलं असावं. दोघं पुढं गेले. ओळी संपल्या, भट्टी फुटली, ओतणारा ज्ञानू आणि त्याचा जोडीदार लांब दांड्याच्या लॅडलमध्ये रस घेऊन निघाले. सौंदर्याचं काम संपलं होतं. ती पाणी प्यायला माठाकडं गेली. माठ फळ्याशेजारी होता.

फळ्यावर तीन आकडे होते. ३४, ४९, ८६.

ती तांब्या हातात घेऊन बघत राहिली. आठ आणि सहा. तिनं बघितलेला बॉक्स सहा आणि आठचा होता. शहा म्हणजे सहा, ते मागं असतं, आधी बोलायचं. ऐंशी म्हणजे आठ, ते पुढं. तिनं सहा बघितला आणि सहा बोलली, आठ बघितला आणि आठ बोलली. एवढं सरळ केलं आणि एवढं चुकलं.

तिनं पाणी प्यायलं. ज्ञानूच्या वाट्याला तिसरी ओळ होती आणि तो तिच्या तोंडाला पोचला होता. सहा-आठ नंबर तिथनं पाचवा.

आता खरं तेच सांगतो, कारण सौंदर्यानं स्वतःच ते नंतर सांगितलं. तिनं विचार केला. घाबरून नव्हे, थंडपणे, आज भाजी कुठली करावी असा विचार करावा तसा. गप्प बसलं तर काय? दहातल्या नऊ वेळा नुसता माल फुगतो. फुगलेला माल उद्या निघंल, तोपर्यंत महिना पुरा झालेला असंल. आणि बोललं तर आजच, आत्ता, सगळ्यांसमोर चूक कबूल, आणि उद्या अथणी. ज्ञानू तिचा कोण? मल्लेशबरोबर काम करायचा, त्याच्या दिवसांच्या जेवणाला बायकोला घेऊन आला होता, दोन पंगती त्यानं वाढल्या होत्या. तिला त्याच्याबद्दल काही वाटलं नाही. तिला कुणाबद्दलच काही वाटत नव्हतं. आणि तरी तिनं तांब्या खाली ठेवला आणि चालायला लागली. का, ते तिला विचारून उपयोग नाही. काहीच वाटत नसताना माणूस काय करतो तेच बहुतेक त्याचं खरं असतं.

ज्ञानूनं दुसरा बॉक्स भरला, तिसरा भरला. ती ओळीत शिरली. ओरडायला तोंड उघडलं आणि मराठी आकडा सापडेना. सहा आणि आठ. आठ आधी. आठ, मग साठ. आठाचं काय होतं साठात? अठ्ठा? अठ्ठा पन्नासात असतो. अडु की सदु? सदु साताचा. तिच्या तोंडातनं निघालं ते, ‘अरवत्तेंटु!’

भट्टीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी कळलं नसतं. ज्ञानू चौथा बॉक्स भरून पाचव्याकडं वळला. सौंदर्या धावली नाही, धावलेलं माणूस ठेचकाळतं. ती भराभरा चालत गेली आणि अडुसष्ट नंबरच्या बॉक्सवर पाय देऊन उभी राहिली.

रस तिच्यापासून दोन हातांवर होता. ज्ञानूचा चेहरा त्या उजेडात लालबुंद दिसत होता. ‘वहिनी, सरका. काय झालं?’

‘हा,’ ती म्हणाली. ‘हा सोडायचा. मी चुकीचं सांगितलं.’

ज्ञानू आणि जोडीदार पाय न हलवता उभे राहिले. लॅडल हातात असताना दचकायची सोय नसते. मग आकाराम आला, म्हणाला, ‘ह्यो ऱ्हाऊ दे, पुढच्यात वता.’ ते पुढं गेले आणि राहिलेला रस पुढच्या बॉक्सांत ओतला. सगळं थंड झाल्यावर आकारामनं अडुसष्टच्या कडेला बोट दाबलं. बोट पेरभर आत गेलं.

अमरसिंहनं ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. टेबलापुढं सौंदर्या, तिच्यामागं आकाराम, अंबूबाई, दारात ज्ञानू. अमरसिंहनं तिला विचारलं, ‘ह्याआधी असं किती वेळा झालं असेल?’

‘माहीत नाही साहेब. चोवीसचं माहीत आहे. बाकी माहीत नाही.’

अंबूबाईनं डोळे मिटून घेतले. एवढं खरं कुणी बोलतं का साहेबापुढं?

‘मग मी तुम्हाला कसं ठेवू?’ अमरसिंह म्हणाला, आणि तो काही चुकीचं बोलत नव्हता. ‘उद्या तुम्हाला आकडा उशिरा आठवला तर?’

सौंदर्याला वाटलं, संपलं. सामानाला दोन पोती पुरतील.

तेवढ्यात दारातनं ज्ञानू म्हणाला, ‘साहेब, वततो मी.’

‘काय?’

‘रस मी वततो. पाय माजं हायत. मग मी बोलू का न्हाय?’ तो आत आला. पायात बूट, बुटांवर वाळू. ‘पंधरा वर्सं वततोय. ह्या पंधरा वर्सांत किती आकडं चुकलं असतील? कुणी आलं का सांगाया? कधीतरी माल फुगायचा, सगळी एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. गेल्या साली धोंडूच्या पायावर आलं, तवाबी कोण बोललं? आकडा कुणी चुकीचा वरडला त्ये आजून म्हाईत न्हाय.’

ऑफिसात कुणी कुणाकडं बघेना. आकाराम स्वतःच्या हातातल्या यंत्राकडं बघत होता.

‘हिनं आज सांगितलं न्हसतं तर कुणाला कळलं न्हसतं. आज हिचा शेवटचा दिस, हे मलाबी म्हाईत हाय. आकडं काय, शिकंल की. न्हायतर सहा-आठ, सहा-आठ आसं सुटं वरडू दे, अंबूबाई लिहील. माजं काय म्हणणं न्हाय. पर दुसरी आणायची आसंल तर आधी मला इचारा, ती चुकली तर येऊन सांगंल का. न्हायतर मी वतणार न्हाय.’

अमरसिंहनं पेन टेबलावर ठेवलं. म्हणाला, ‘सुटे अंक. एक महिना आणखी. मिस्त्री, तुम्ही मागं बघून खात्री करायची.’

‘व्हय,’ आकाराम म्हणाला.

संध्याकाळी सौंदर्या खोलीवर आली तेव्हा सिद्धाप्पा उंबऱ्यावर बसला होता. शांभवी त्याला पाढे म्हणून दाखवत होती. त्यानं बहिणीला बघितलं आणि कानडीत विचारलं, ‘काय झालं? बांधायचं का?’

‘नाही. ठेवलं मला.’

‘मग चांगलं झालं की. तोंड असं का?’

सौंदर्यानं चप्पल काढली, हातपाय धुतले, भावाशेजारी बसली. ‘मी आज एक आकडा चुकले, अण्णा.’

‘कुठला?’

‘अडुसष्ट,’ ती म्हणाली. शोधायला न लागता शब्द आला. अडुसष्ट. आणि शब्दापाठोपाठ तो बॉक्स आला, मऊ वाळू आली, दोन हातांवरचा पांढरा रस आला, आणि त्या रसाच्या खाली ज्ञानूचे दोन पाय आणि स्वतःचे दोन पाय. तिच्या गुडघ्यांना कापरं भरलं. तिनं ते हातांनी दाबून धरले तरी थांबेनात, मग हातही कापायला लागले, दातही. सिद्धाप्पा घाबरून उठला, पोरीला म्हणाला पाणी आण.

‘भीती वाटते,’ सौंदर्या म्हणाली. ‘अण्णा, मला फार भीती वाटते.’

चार महिन्यांत तिला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं होतं. पोरगी तांब्या घेऊन आली, आईच्या मांडीला चिकटून बसली, आणि सौंदर्यानं तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.